एजन्सींना आमचं बुकिंग सॉफ्टवेअर त्यांच्या नावाने विकायला द्यायचंय: प्रस्तावाचा मसुदा बघाल का?

कळफलक

आम्ही दोघंजण मिळून एक छोटं सॉफ्टवेअर चालवतो. वेबसाइटवर बसवायचं अपॉइंटमेंट बुकिंग. दवाखाना, सलून, शिकवणी, सल्लागार असे लोक वापरतात. पानावर कॅलेंडर दिसतं, भेट देणारा वेळ निवडतो, त्याला आणि व्यावसायिकाला ईमेल जातं, आदल्या दिवशी आठवण जाते. बस, एवढंच.

एकेक ग्राहक शोधत बसण्यापेक्षा ज्या डिझाइन किंवा मार्केटिंग एजन्सी अशा व्यावसायिकांच्या वेबसाइट करतात, त्यांच्यामार्फत जावं असं ठरवलंय. त्यांना पाठवतो ते ईमेल असं:

> नमस्कार, आमचं बुकिंग सॉफ्टवेअर तुमच्या ग्राहकांना द्या आणि प्रत्येक ग्राहकामागे कायमस्वरूपी ३० टक्के कमिशन मिळवा. हवं तर संपूर्ण व्हाइट-लेबल: तुमचा लोगो, तुमचे रंग, तुमचं डोमेन. तुमच्या ग्राहकाला आमचं नावही कळणार नाही. सपोर्ट सगळा आम्ही बघू. या आठवड्यात कधी बोलूया?

उत्तरं जवळपास येत नाहीत. आली तर "छान आहे, कळवतो". कमिशन कमी पडतंय की भाषा चुकतेय? एजन्सीवाले इथे बरेच आहेत म्हणून विचारतोय.

---

अर्धविराम

३० टक्क्यांत कोण हलणार? ४० करा, पहिल्या वर्षी ५० करा. एजन्सी हा शेवटी धंदा आहे, आकडा मोठा दिसला की फोन येतो. आणि व्हाइट-लेबल म्हणजे काय, सेटिंगमध्ये लोगो अपलोड करायची सोय द्यायची, झालं. ईमेलमध्ये त्याचं इतकं कौतुक नको.

---

गवतीचहा

मीही रिसेलर घेतलं होतं मागे. डिस्क स्पेस आणि बँडविड्थ किती देणार ते आधी स्पष्ट लिहा. आम्हाला "अमर्याद" सांगून नंतर खाती बंद केली होती.

---

कळफलक

@गवतीचहा, तुम्ही होस्टिंगबद्दल बोलताय. आमचं होस्टिंग नाही, बुकिंगचं सॉफ्टवेअर आहे. जागेचा प्रश्न येत नाही.

@अर्धविराम, ५० दिले तर आम्हाला काय उरणार हा प्रश्न आहेच. पण बघतो.

---

निळीशाई

मी एजन्सी चालवते. लहान आहे, वेबसाइट आणि मासिक देखभाल. तुमचं ईमेल मला आलं असतं तर मीही उत्तर दिलं नसतं, आणि कारण कमिशनचा आकडा नाही. अर्धविराम यांचं निदान अर्धं बरोबर आहे, पैसे खरंच कमी पडतात. पण ५० टक्के केले तरी ते कमीच पडतील.

हिशेब करून दाखवते. तुमची किंमत एका ग्राहकाला महिन्याला १०० धरू. ३० टक्के म्हणजे मला ३०. आता माझ्या ग्राहकाने बुकिंग वापरायला घेतलं की "सुट्टीचा दिवस कसा बंद करायचा", "एकाच वेळेला दोन बुकिंग कसे आले", "आठवणीचं ईमेल स्पॅममध्ये जातंय" हे प्रश्न तो मला विचारणार. तुम्हाला नाही. कारण वेबसाइट मी केली आहे आणि माझा नंबर त्याच्याकडे आहे. महिन्याला अर्धा तास धरा. माझ्या माणसाचा एक तास मला १५० ला पडतो, म्हणजे ७५ गेले. मिळाले ३०. दर ग्राहकामागे ४५ चा तोटा, आणि तो कायमस्वरूपी!

आता दुसऱ्या पद्धतीने बघा. तुम्ही मला घाऊक दराने ५० ला द्या आणि बिल मला करा. मी ते माझ्या मासिक देखभालीच्या पॅकेजमध्ये घालते आणि पॅकेज १८० ने वाढवते. १८० मधून तुमचे ५० आणि माझ्या वेळेचे ७५ गेले, ५५ उरले. ग्राहकाला एकच बिल, एकच माणूस. हे मला जमतं.

कमिशनमध्ये किंमत तुम्ही ठरवता आणि काम माझ्यावर येतं. घाऊक दरात किंमत मी ठरवते, म्हणून त्या कामाचे पैसे मला लावता येतात. एजन्सीला पहिली पद्धत नकोशी होते ती यामुळे.

आणि "सपोर्ट सगळा आम्ही बघू" हे वाचून मला धसकाच बसला. माझ्या ग्राहकाशी कोण परका माणूस कुठल्या नावाने बोलणार?

---

हिशेबनीस

निळीशाई यांचा हिशेब पटतो, पण अर्धा तास कायम राहत नाही. पहिले दोन-तीन महिने जास्त, मग १० मिनिटांवर येतं. म्हणजे २५. मग कमिशनमध्ये तोटा होत नाही, ३० मधून ५ उरतात.

---

निळीशाई

५ साठी मी करार, हिशेब, ग्राहकाच्या तक्रारी हे सगळं अंगावर घेऊ? :)

शिवाय नवा कर्मचारी आला की ग्राहकाचे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

---

जुनासर्व्हर

वाचत होतो. पैशाचं निळीशाई यांनी सांगितलं, मी "आमचं नावही कळणार नाही" या वाक्याबद्दल बोलतो. ते वाक्य ईमेलमधून आधी काढा, कारण ते पाळता येत नाही. पहिल्या हुशार ग्राहकाने पकडलं की एजन्सीची मान खाली.

अर्धविराम, लोगो अपलोड हा सगळ्यात सोपा भाग आहे. निर्मात्याचं नाव लोगोतून क्वचितच फुटतं. ते फुटतं पासवर्ड रिसेटच्या ईमेलमधून, फेव्हिकॉनमधून, मदतीच्या पानाच्या पत्त्यातून, कॅलेंडरमध्ये टाकायच्या फाइलीतल्या आयोजकाच्या नावातून, एरर पानातून, स्क्रिप्टच्या पत्त्यातून. हे सगळं शोधायचं असेल तर एक कोरं खातं उघडा, त्यात मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका, लिंक मुदतीबाहेर जाऊ द्या, बुकिंग रद्द करा, आणि येणाऱ्या प्रत्येक ईमेलचा पूर्ण सोर्स उघडून स्वतःचं नाव शोधा. कुठेतरी सापडतंच.

हे बुजवता येतं. डीएनएसचं बुजवता येत नाही. ग्राहकाने त्याच्या डोमेनवर तुमच्याकडे बोट दाखवणारी CNAME नोंद टाकली की जगातला कोणीही हे चालवू शकतो:

```
dig +short CNAME booking.client.example
```

उत्तरात तुमच्या सर्व्हरचं नाव येणार. म्हणून निदान एवढं करा, की ते नाव तुमच्या ब्रँडचं नसावं. एक वेगळं, बिननावाचं डोमेन घ्या आणि CNAME, स्क्रिप्ट, ईमेल परतीचा पत्ता सगळं त्यावर ठेवा. त्या डोमेनच्या मुख्य पानावर काही नसलं तरी चालेल. शोधणारा तरीही शोधेल, पण सहज नजरेला पडणार नाही.

आणखी एक. एजन्सीच्या डोमेनवर प्रत्येक ग्राहकासाठी वेगळं उपडोमेन आणि वेगळं प्रमाणपत्र काढलंत, तर ती सगळी नावं सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या सार्वजनिक नोंदवह्यांत जातात. प्रतिस्पर्धी एजन्सी crt.sh वर जाऊन या एजन्सीची ग्राहकयादी वाचू शकते. वाइल्डकार्ड प्रमाणपत्र घेतलं तर नोंदवहीत फक्त तारांकित नाव दिसतं. मात्र लेट्स एन्क्रिप्टकडून वाइल्डकार्ड हवं तर डीएनएसमधून पडताळणी करावी लागते, म्हणजे एजन्सीला तिच्या डीएनएसमध्ये तुमच्यासाठी एक नोंद कायम ठेवावी लागेल. हे प्रस्तावात नको, पण पहिल्या बोलण्यात सांगा.

---

अर्धविराम

ठीक, लोगोचं मागे घेतो. पण इतकं कोण बघतं हो? सलूनवाला dig चालवणार आहे का?

---

जुनासर्व्हर

सलूनवाला नाही चालवत. त्याच्याकडे उद्या जी दुसरी एजन्सी जाते ती चालवते, आणि मग त्याला सांगते, "हे तर तुम्हाला थेट निम्म्यात मिळतं".

---

पानवाचक

करार वाचणं हे माझं काम, म्हणून एक भर घालतो. नाव न कळू देण्याबद्दल तांत्रिक अडचणीहून मोठी अडचण कायद्याची आहे. बुकिंगमध्ये लोकांची नावं, नंबर, दवाखाना असेल तर भेटीचं कारणही येतं. युरोपातला जीडीपीआर लागू होत असेल तर माहितीचा मालक-नियंत्रक हा दवाखाना, त्याच्या वतीने प्रक्रिया करणारी एजन्सी, आणि तुम्ही एजन्सीने नेमलेले पुढचे प्रक्रियाकर्ते. कलम २८ नुसार दवाखान्याच्या लेखी परवानगीशिवाय एजन्सीला तुम्हाला नेमता येत नाही. परवानगी सरसकट असली तरी नवा प्रक्रियाकर्ता आला की आधी कळवावं लागतं आणि आक्षेपाची संधी द्यावी लागते.

म्हणजे पडद्यावर तुमचं नाव नसलं तरी करारात ते येणारच. एजन्सीला हे माहीत नसेल तर तुमच्या "कळणार नाही" या आश्वासनावर ती बेकायदा काम करून बसेल. प्रस्तावात असं लिहा: पडद्यावर आणि ईमेलमध्ये तुमचंच नाव, माहिती-संरक्षणाच्या कागदात मात्र आमचं नाव, आणि त्या कागदाचा नमुना आम्ही देऊ. लहान एजन्सीकडे असा नमुना बहुतेक नसतो. मला विचाराल तर कमिशनपेक्षा त्याचीच ओढ जास्त वाटेल.

---

निळीशाई

वाटेल. मागच्याच वेळी एका ग्राहकाच्या वकिलाने हे मागितलं तेव्हा आमची पळापळ झाली होती.

---

कळफलक

हे सगळं फार उपयोगी आहे, मनापासून आभार. दोन प्रश्न आहेत.

एक, ५० ला घेऊन एजन्सीने ६० ला विकायला सुरुवात केली तर आमचे थेट १०० देणारे ग्राहक पळतील. "१०० च्या खाली विकू नका" अशी अट घालता येते का?

दोन, आठवणीच्या ईमेलचं काय करायचं? सध्या सगळी ईमेल आमच्या डोमेनवरून जातात.

---

पानवाचक

पहिल्याचं उत्तर: जपून. युरोपीय संघाच्या स्पर्धा कायद्यात विक्रेत्यावर किमान विक्रीकिंमत लादणं हा गंभीर भंग समजला जातो. इतरत्र नियम वेगवेगळे आहेत. सुचवलेली किंमत म्हणून १०० छापा, सक्ती करू नका.

---

निळीशाई

आणि खरी भीती उलट्या दिशेची आहे. मी १८० लावते आणि माझा ग्राहक तुमच्या वेबसाइटवर १०० बघतो. मग मी त्याला काय सांगू?

म्हणून मी बुकिंग ही वेगळी ओळ बिलात लावतच नाही. "बुकिंगसह देखभाल" असं एकच लावते, त्यात बसवून देणं, वेळापत्रक भरून देणं, बदल करणं सगळं आलं. तुम्ही तुमच्या किमतीच्या पानावर एक वाक्य टाका, की हा दर स्वतः बसवून स्वतः चालवणाऱ्यांसाठी आहे. फार मोठी मदत होते त्याने.

---

जुनासर्व्हर

ईमेलबद्दल. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा हे अवघड आहे, आणि व्हाइट-लेबल बहुतेक इथेच फसतं.

एजन्सी म्हणणार, "ईमेल माझ्या ग्राहकाच्या पत्त्यावरून जाऊ दे". तुम्ही 'प्रेषक' या जागी appointments@client.example लिहून पाठवायला लागाल. पण त्या डोमेनने तुमच्या सर्व्हरला सही करायचा अधिकार दिलेला नसेल, म्हणजे डीकेआयएमची नोंद नसेल, तर डीमार्कची तपासणी नापास होते. ग्राहकाने डीमार्कचं धोरण `p=reject` ठेवलं असेल तर ईमेल बहुधा दारातूनच परत जाईल. `p=none` असेल तर जाईल, पण कुठे पडेल ते नशिबावर. दवाखान्यातली मंडळी म्हणतील "पेशंट येतच नाहीत", आणि कारण सापडायला आठवडे जातील, कारण तुमच्या बाजूला सगळं 'पाठवलं' असंच दिसतं.

ओळखायचं कसं? स्वतःच्या जीमेल खात्यावर एक बुकिंग करा, आलेलं ईमेल उघडून "मूळ संदेश दाखवा" करा. वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क असे तीन निकाल दिसतात. डीमार्क पास नसेल तर ते खातं चालू करू नका.

माझा सल्ला, दोन मार्ग ठेवा. ग्राहकाच्या डीएनएसमध्ये एजन्सीचा हात पोहोचत असेल तर डीकेआयएमच्या नोंदी टाकायला सांगा, तुमच्या सॉफ्टवेअरने त्या तपासाव्यात आणि पास झाल्यावरच ग्राहकाच्या नावाने पाठवायला लागावं. हात पोहोचत नसेल तर त्या बिननावाच्या डोमेनवरून पाठवा, दिसणारं नाव दवाखान्याचं ठेवा आणि उत्तराचा पत्ता दवाखान्याचा. दिसायला थोडं कमी देखणं, पण पोहोचतं.

दुसऱ्या मार्गात एक गोम आहे. सगळ्या एजन्सींचे सगळे ग्राहक एकाच डोमेनवरून पाठवतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलला दिवसाला ५००० च्या आसपास किंवा जास्त ईमेल पाठवणाऱ्या डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही हवेत, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहायला हव्यात. तुमचे छोटे छोटे ग्राहक मिळून तो आकडा गाठतील. आणि एखाद्या मार्केटिंग एजन्सीने तुमच्या आठवणीच्या सोयीतून "या महिन्यात २० टक्के सूट" पाठवायला सुरुवात केली की तक्रारी वाढतात आणि निरपराध दवाखान्यांच्या आठवणीही स्पॅममध्ये जातात. म्हणून करारात लिहा, आठवणीच्या ईमेलमध्ये जाहिरात नाही. नुसतं लिहू नका, मजकुराच्या त्या जागेला अक्षरमर्यादा लावा आणि लिंक बंद करा. मार्केटिंगवाले आहेत, जागा दिसली की भरणार.

---

निळीशाई

शेवटच्या वाक्याचा निषेध. (पण खरं आहे.)

---

मोबाइलवेडा

आमचं प्रकरण थोडं वेगळं, पण व्हाइट-लेबल म्हणून सांगतो. आम्ही एजन्सींना त्यांच्या ग्राहकांच्या नावाने मोबाइल अ‍ॅप करून देत होतो, एकाच साच्यातून. ते सगळे आमच्याच खात्यातून टाकायचो. ॲपलने नाकारायला सुरुवात केली. त्यांच्या नियमावलीत ४.२.६ आहे, साच्यातून बनवलेली अ‍ॅप ज्याचा मजकूर आहे त्याने स्वतः सादर करायला हवीत. म्हणजे प्रत्येक सलूनने स्वतःचं डेव्हलपर खातं काढायचं आणि दरवर्षी त्याची फी भरायची. निम्मे ग्राहक तिथेच गळाले.

तुम्ही वेबवर आहात ते उत्तम. एजन्सी विचारेल "अ‍ॅप पण माझ्या नावाने मिळेल का?", तेव्हा हो म्हणू नका.

---

कळफलक

विचारलंच होतं एकाने. बरं झालं सांगितलंत.

---

हिशेबनीस

आता मी. बिल एजन्सीला जाणार म्हटल्यावर एक नवी जोखीम येते आणि त्यावर कोणी बोललं नाही. एजन्सीने दोन महिने पैसे थकवले. तुम्ही काय करणार? खातं बंद केलंत तर तिच्या १० ग्राहकांची बुकिंग पानं एका रात्रीत मरतील, आणि त्यातल्या आठांनी एजन्सीला वेळेवर पैसे दिलेले असतील. नाही केलंत तर तुम्ही फुकट राबताय.

मी बघितलेली बरी पद्धत अशी. थकबाकी झाली की आधी एजन्सीला नवे ग्राहक जोडणं बंद. मग तिचं व्यवस्थापनाचं पान फक्त बघण्यापुरतं. अंतिम ग्राहकांची बुकिंग मात्र ठरावीक मुदतीपर्यंत चालूच, समजा ६० दिवस. त्यानंतर ग्राहकाला थेट तुमच्याकडे येण्याचा पर्याय. हे प्रस्तावाच्या पहिल्या ईमेलमध्येच एका वाक्यात लिहा. एजन्सीला आवडणार नाही असं वाटेल, पण उलट होतं. तिच्या चुकीमुळेसुद्धा तिच्या ग्राहकाचं पान पडणार नाही, ही तिच्यासाठीच हमी आहे.

दुसरं, एका एजन्सीकडून तुमच्या उत्पन्नाचा मोठा भाग येऊ लागला की ती दर पाडून मागते. ३० टक्क्यांच्या पुढे गेलं की मी सावध होतो. हा माझा अंदाज, शास्त्र नाही.

---

निळीशाई

पहिलं मान्य, पण "ग्राहकाला थेट तुमच्याकडे येण्याचा पर्याय" याला माझा सक्त विरोध. माझा ग्राहक तो. मी अडचणीत असताना तुम्ही त्याला ईमेल पाठवणार? हे वाचून मी करारावर सही करणार नाही.

---

हिशेबनीस

मग तुमची एजन्सी बंद पडली तर त्या दवाखान्याने काय करायचं?

---

निळीशाई

बंद पडली ही वेगळी गोष्ट. थकबाकी वेगळी. दोन्हींना एक नियम लावू नका.

---

जुनासर्व्हर

यात मी पडत नाही. पण वेगळं होण्याची तांत्रिक बाजू सांगतो, कारण ती दोघांनाही लागू आहे.

एजन्सी सोडून गेली, तुम्ही तिची खाती पुसली. पण ग्राहकाच्या डीएनएसमधली CNAME नोंद तशीच राहते, ती काढायला कोणी जात नाही. ती अजून तुमच्या सर्व्हरकडे बोट दाखवतेय. उद्या कोणी भलताच तुमच्याकडे नवं खातं उघडून "माझं डोमेन booking.client.example" असं सांगतो आणि तुमचं सॉफ्टवेअर ते मुकाट मान्य करतं. झालं, दवाखान्याच्या नावाखाली त्याचं पान उभं, वर वैध प्रमाणपत्रासकट. डोमेन जोडताना TXT नोंदीने मालकी तपासा, आणि जुनं डोमेन CNAME हटल्याची खात्री होईपर्यंत कुणालाच देऊ नका. क्रम असा असू दे: आधी माहिती बाहेर काढून द्यायची, मग CNAME काढून घ्यायची, खातं पुसायचं ते सगळ्यात शेवटी.

आणि माहिती बाहेर काढून देणं म्हणजे नुसती ग्राहकांची यादी नाही. पुढच्या तारखांची बुकिंगसुद्धा, दुसऱ्या कॅलेंडरमध्ये घेता येतील अशा स्वरूपात. खरा गोंधळ पुढच्या मंगळवारच्या ११ वाजताच्या पेशंटचा होतो.

---

अर्धविराम

मग आता एजन्सीला पटवायचं काय राहिलं? सगळे धोकेच लिहिताय. असं ईमेल वाचून कोण दारात उभं करेल?

---

निळीशाई

मी करेन. मला येणाऱ्या सगळ्या ईमेलमध्ये फायदेच असतात. दोन माणसांचं दुकान म्हटल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, यांच्यातला एक आजारी पडला तर शनिवारी सकाळी माझ्या ग्राहकाचं पान कोण उभं करणार? त्याचं उत्तर ज्या ईमेलमध्ये असेल ते मी वाचेन. "२४ तास सपोर्ट" असं दोघांनी लिहिलेलं मला खोटं वाटतं. "कामाच्या दिवशी ४ तासांत उत्तर, सुट्टीच्या दिवशी फक्त पान बंद पडलं तरच" हे खरं वाटतं. आणि तुमची स्क्रिप्ट लोड झाली नाही तर कॅलेंडरच्या जागी पांढरा चौकोन न दिसता ग्राहकाचा फोन नंबर दिसेल, अशी सोय असेल तर ती सगळ्यात वर लिहा.

---

कळफलक

फोन नंबरची सोय नव्हती, काल रात्री केली. जो तुकडा ग्राहकाच्या पानात चिकटवायचा त्यातच नंबर आधी लिहिलेला असतो, स्क्रिप्ट आली की ती त्याजागी कॅलेंडर ठेवते. आमचा सर्व्हर पूर्ण बंद असला तरी नंबर दिसतोच.

नवा मसुदा:

> नमस्कार, तुम्ही दवाखाने आणि सलूनच्या वेबसाइट करता असं तुमच्या कामातून दिसलं. तुमच्या मासिक देखभालीत घालता येईल असं बुकिंग आम्ही बनवतो. दर ग्राहकाला महिना ५०, बिल फक्त तुम्हाला, तुमच्या ग्राहकाला किती लावायचं ते तुम्ही ठरवा.
>
> पडद्यावर आणि ईमेलमध्ये तुमचं किंवा तुमच्या ग्राहकाचं नाव. माहिती-संरक्षणाच्या करारात आमचं नाव येतं, त्याचा नमुना सोबत आहे. तुमच्या ग्राहकाशी आम्ही बोलत नाही. तुम्ही विचारलंत की कामाच्या दिवशी ४ तासांत उत्तर देतो, पान बंद पडलं तर सुट्टीलाही.
>
> आम्ही दोघंच आहोत. आमचा सर्व्हर बंद पडला तर पानावर तुमच्या ग्राहकाचा फोन नंबर दिसतो. सगळी बुकिंग कधीही डाउनलोड करता येतात. आपण थांबायचं ठरवलं तर ९० दिवस सगळं चालू राहतं.
>
> तुमच्या स्वतःच्या वेबसाइटवर ते विनामूल्य लावून बघा. पहिल्या ग्राहकासाठी डीएनएसच्या नोंदी आणि वेळापत्रक आम्ही तुमच्यासोबत बसून लावून देतो.

---

निळीशाई

हे मी वाचलं असतं. "तुमच्या कामातून दिसलं" याजागी खरोखर एक साइट नावानिशी लिहा, आणि तिथे आत्ता बुकिंग कसं चालतं तेही. फोनवर चालत असेल तर फोनवर. नाहीतर हे वाक्य सगळेच लिहितात.

९० दिवस ठीक. किमान संख्येची अट आहे का?

---

कळफलक

५ ग्राहकांचे आगाऊ २५० घ्यावेत असं वाटत होतं. एकेका ग्राहकाची एजन्सी सांभाळणं आम्हाला परवडत नाही, बसवून द्यायलाच आमचा अर्धा दिवस जातो.

---

निळीशाई

एकही ग्राहक नसताना २५० कोणी देणार नाही. पहिले सहा महिने अट नको, नंतर ५ ची ठेवा. किंवा बसवून देण्याचे वेगळे पैसे घ्या, मी ते ग्राहकाकडून घेईनच.

---

हिशेबनीस

बसवून देण्याचे वेगळे घ्या, याला +१. किमान संख्येचा वाद त्यातच मिटतो, अर्ध्या दिवसाचे पैसे आले की एका ग्राहकाची एजन्सीही चालते. थकबाकीचा मुद्दा मात्र मसुद्यातून गायब झालाय. ९० दिवस फक्त आपखुशीने थांबण्याला आहेत.

---

कळफलक

मुद्दाम नाही टाकला. निळीशाई आणि तुमचं त्यावर एकमत होईपर्यंत वाट बघतोय.

---

पानवाचक

मधला मार्ग: थकबाकी असताना तुम्ही ग्राहकाशी संपर्क करायचा नाही. एजन्सी बंद पडली किंवा ६० दिवसांत तीन लेखी सूचनांना उत्तरच दिलं नाही, तरच करायचा, आणि तोही फक्त "तुमची माहिती इथून उतरवून घ्या" एवढं सांगायला, विकायला नाही.

---

निळीशाई

"विकायला नाही" हे कोण तपासणार?

---

गवतीचहा

सगळं वाचलं. मग यात डिस्क स्पेसचा खरंच काही संबंध नाही का? पेशंटने रिपोर्टची फाइल जोडली तर?

---

जुनासर्व्हर

चांगला प्रश्न निघाला शेवटी. कळफलक, फाइल जोडता येते का? येत असेल तर पानवाचकांना तो नमुना करार पुन्हा दाखवा. दवाखान्याचा रिपोर्ट म्हणजे आरोग्याची माहिती, तिला वेगळे नियम लागतात.

---

कळफलक

येते. ५ एमबीपर्यंत. आज बंद करतोय, निदान एजन्सींच्या खात्यांना.